आकडा खरा, नाव कोणाचे?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपड्यांना हळदकुंकू वाहताना पाहिले की मला आमच्या शाळेतले वह्या-पेन्सिलींचे भांडार आठवते आणि थोडे ओशाळल्यासारखे होते. त्या भांडाराचा हिशेब बरीच वर्षे माझ्याकडे होता. मुले वर्षारंभी पैसे भरीत आणि लागेल तशा वह्या नेत. रोजची नोंद मी कीर्दीत लिहीत असे, रविवारी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवीत असे आणि महिनाअखेर तेरीज मांडीत असे. दोन्ही अंगांची बेरीज जुळली की चहा गोड लागे.

एके दिवशी आठवीतला एक मुलगा वही मागायला आला. खाते उघडून पाहतो तो त्याच्या नावावर छदामही नाही. "बाबांनी चाळीस रुपये भरलेत, सर," तो म्हणाला. मी तेरीज पाहिली. ती पैशाला पैसा जुळत होती. "हिशेब चुकलेला नाही. वडिलांना घेऊन ये," मी म्हणालो. तो काही न बोलता निघून गेला.

ज्या पद्धतीवर मी एवढा विसंबलो ती फार जुनी. फ्लोरेन्सच्या एका व्यापारी पेढीची फ्रान्सच्या दक्षिणेकडे, सालोन गावी, शाखा होती. तिची 1299-1300 सालची खतावणी आजही उपलब्ध आहे आणि तीत प्रत्येक रक्कम दोनदा लिहिलेली आढळते. कारण साधेच होते. भागीदार एका गावी, माल दुसऱ्या गावी आणि देणेघेणे बहुतेक उधारीवर. जो समोर नाही त्याला पटेल असा हिशेब ठेवणे भागच होते.

मला खरा मौजेचा वाटतो तो जेनोवा शहराच्या सरकारी वहीतला 1340 सालचा मिऱ्यांचा हिशेब. तिथे माणसांसारखे मिऱ्यांचेही खाते आहे! नगरशासनाने शंभर पौंडांचा एक असे ऐंशी वाटे मिरे घेतले, दर वाट्याला 24 लिरा 5 सोल्दी या भावाने. वीस सोल्दींचा एक लिरा, म्हणजे एकूण 1940 लिरा झाले. एवढी रक्कम मिऱ्यांच्या नावे पडली आणि तेवढीच विकणाऱ्याच्या खाती जमा झाली. पुढे मिरे विकले, तसतशी किंमत मिऱ्यांच्या खाती जमा होत गेली. सारे विकून संपले तरी हे खाते काही फिटेना. खर्च धरून सुमारे दीडशे लिरांची तूट राहिली. ती नुकसानीच्या खात्यावर टाकली तेव्हा कुठे मिऱ्यांचे खाते मिटले. तोटा लपवायला जागाच उरली नाही. एका पानावरून उचललेली रक्कम दुसऱ्या पानावर ठेवावीच लागते.

पण एवढे मोठे शहर मिऱ्यांत तोटा का खाईल? अभ्यासकांचा तर्क असा की हे मुळी कर्ज होते. माल महागात उधार घ्यायचा, लगेच स्वस्तात रोखीने विकायचा आणि हाती पैसा आणायचा. व्याज घेणे चर्चच्या दृष्टीने पाप, म्हणून व्याजाला मिऱ्यांचे नाव द्यायचे. हा तर्क खरा असेल तर त्या वहीतला आकडा अगदी खरा आणि नाव मात्र खोटे. लुका पाचोली या धर्मगुरूने 1494 साली व्हेनिसमध्ये ही पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हा त्यालाही हे ठाऊक होते. काही व्यापारी दोन वह्या ठेवतात, एक घेणाऱ्याला दाखवायला नि एक विकणाऱ्याला, अशी तक्रार त्याने केली आहे. एकेक वही स्वतःपुरती जुळतही असेल!

तरी ही पद्धत टिकली आणि आज संगणकातही हीच चालते, ती ती नेमके एवढेच काम चोख करते म्हणून. एका अंगाची नोंद राहिली की बेरीज बिघडते; चूक कोणी केली हे ठाऊक नसतानाही ती झाली एवढे कळते. शिवाय ती शोधायच्या खुणाही असतात. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेले असतात, 63 च्या जागी 36. मी अशा कितीतरी चुका पकडल्या आहेत. पण योग्य रक्कम योग्य अंगाला, भलत्याच माणसाच्या खात्यावर गेली, तर तेरजेला त्याचा पत्ताही लागत नाही.

आठवीत पाटील दोन होते. एकाचे चाळीस रुपये मी दुसऱ्याच्या खाती जमा केले होते. दुसऱ्याला आपली शिल्लक वाढल्याचे नवल वाटले असेल, पण तो बोलला नाही. बोलावे असे त्याला कोणी शिकवलेही नव्हते, आणि शिकवायचे काम माझेच होते.

पहिल्याचे वडील गिरणीतली पाळी बुडवून आले. मी त्यांच्यासमोरच चूक दुरुस्त केली: चाळीस रुपये एका पाटलाच्या नावे टाकले, दुसऱ्याच्या खाती जमा केले आणि पुन्हा तेरीज मांडली. ते वाकून पाहत होते. बेरीज पहिल्यासारखीच, पैशाला पैसा, जुळली.