रसाचा थेंब आणि डोपामिनचा उपास

मोबाइल कपाटात टाकायचा, गाणी ऐकायची नाहीत, गोडधोड खायचं नाही, जमल्यास कोणाशी बोलायचंही नाही. असे चोवीस तास काढले की मेंदूतलं डोपामिन ताळ्यावर येतं आणि साध्यासुध्या गोष्टींत पुन्हा गोडी वाटू लागते, असं सांगणारे व्हिडिओ आता मराठीतही सहज सापडतात. या सल्ल्याच्या मुळाशी एक ठरावीक चित्र आहे. डोपामिन म्हणजे सुखाचा द्रव, त्याची मेंदूत जणू एक टाकी असते, रील्स आणि चिप्स ती तुडुंब भरतात किंवा उपसून रिकामी करतात (नेमकं काय, यावर सांगणाऱ्यांचंही एकमत नाही), आणि उपास केला की पातळी मूळपदावर येते. असा दिवस काढल्यावर काहींना बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण ते बरं वाटण्याचं कारण टाकीत नाही, कारण अशी टाकीच नाही.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांपैकी डोपामिन तयार करणाऱ्या पेशी काही लाखच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक मध्यमेंदूतल्या लहानशा भागात दाटीने बसलेल्या आहेत. तिथून निघालेले त्यांचे लांब तंतू पुढे न्यूक्लियस अॅक्युम्बन्स नावाच्या पेशीपुंजापर्यंत आणि कपाळामागच्या भागापर्यंत पोचतात. यालाच बक्षिसाचा मार्ग म्हणतात. याच पेशींच्या शेजारून निघणारा दुसरा मार्ग हालचाली सांभाळतो. त्या पेशी मरू लागल्या की कंपवात होतो. म्हणजे डोपामिन हा एका कामाला जुंपलेला पदार्थ नाही. त्याची एकच पातळी मोजावी आणि कमी-जास्त करावी, ही कल्पना इथेच लंगडी पडते.

डोपामिनला सुखाशी जोडलं गेलं त्याला कारण मात्र होतं. १९५४ साली मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की मेंदूला विजेचा हलका धक्का मिळे, आणि तो मिळवण्यासाठी उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत. ज्यासाठी इतकी धडपड, ते सुखच असणार, असा अर्थ काढला गेला. पुढे या वर्तनात डोपामिनचा हात आहे हे कळलं आणि समीकरण पक्कं झालं. मधली एक शक्यता मात्र निसटली. एखाद्या गोष्टीची ओढ आणि ती मिळाल्यावरचा आनंद, हे दोन वेगळे व्यवहार असू शकतात.

ते वेगळे आहेत हे मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांच्या कामातून दिसलं. त्यांनी उंदरांमधले डोपामिनचे तंतू एका रसायनाने जवळजवळ पूर्ण नष्ट केले. असा उंदीर समोर अन्न असूनही खायला जात नाही. नळीने भरवलं नाही तर उपाशी मरतो. सुख संपलं म्हणून इच्छा संपली, असं वाटावं. पण त्याच उंदराच्या तोंडात साखरपाणी सोडलं तर तो निरोगी उंदरासारख्याच जिभल्या चाटतो, आणि कडू सोडलं तर तसंच तोंड वासतो. चव लागते, आवडतेही. तिच्यासाठी उठावंसं मात्र वाटत नाही. डोपामिन गेल्यावर ओढ गेली, गोडी राहिली. म्हणून ‘डोपामिन म्हणजे सुख’ या वाक्यात निम्म्याहून अधिक चूक आहे असं मला वाटतं.

मग डोपामिन नेमकं काय सांगतं? याचं सर्वांत स्वच्छ उत्तर वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी दिलं. माकडाच्या तोंडाशी नळी असे आणि त्याच्या डोपामिन-पेशींचे विजेचे ठोके एकेका पेशीपाशी टिपले जात. काही होत नसतानाही या पेशी दर सेकंदाला दोन-चार ठोके देत असतात. अचानक रसाचा थेंब मिळाला की क्षणभर ठोक्यांचा झटका येई. नंतर प्रत्येक थेंबाआधी एक खूण दिली जाऊ लागली. माकड शिकलं, तसा झटका खुणेकडे सरकला. प्रत्यक्ष थेंब मिळताना पेशी शांत राहू लागल्या. थेंब तोच, पण तो अपेक्षित होता. आणि खूण देऊन थेंब दिलाच नाही, तर तो जेव्हा यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी ठोके मूळ पातळीच्याही खाली जात. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी याचा हिशेब मांडला: पेशी मोजतात तो थेंब नव्हे, तर अपेक्षा आणि प्राप्ती यांतला फरक. हा फरक वापरून मेंदू पुढच्या वेळची अपेक्षा सुधारतो. हा शिकण्याचा संदेश आहे आणि त्याचं आयुष्य सेकंदाच्या अंशाएवढं. तो साठत नाही, त्यामुळे उपासाने त्याचा निचराही होत नाही.

उपासामुळे उलटंच घडण्याचा संभव आहे. भुकेल्या प्राण्यांत अन्नाचं आणि अन्नाच्या खुणांचं मोल वाढतं, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. कोकेनची सवय लावून मग ते बंद केलेल्या उंदरांत तर खुणेने उठणारी ओढ पहिल्या दिवसापेक्षा काही आठवड्यांनी अधिक तीव्र आढळते. नुसतं दूर राहिल्याने ओढ विझतेच असं नाही. ती आत मुरतही जाते.

यावर रास्त आक्षेप असा की, व्यसनात डोपामिनचे ग्राही कमी होतात हे नोरा व्होल्को यांच्या मेंदूचित्रांतून दिसलं आहे, आणि संयमाने मेंदू सावरतो हेही. दोन्ही खरं आहे. पण कोकेन डोपामिन परत शोषून घेणाऱ्या पंपांनाच अडवतं. रील पाहणं किंवा जिलेबी खाणं तसा थेट घाला घालत नाही. शिवाय मेथॅम्फेटामिन सोडलेल्यांच्या मेंदूत व्होल्को यांना जी सुधारणा दिसली, ती वर्षभराहून अधिक काळाच्या संयमानंतरची होती आणि तरीही अपुरी. त्यातून एका रविवारचा हिशेब निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: नाव चुकलं असेल, उपाय लागू पडतोय ना, मग कशाला काथ्याकूट? मुळात २०१९ मध्ये ही कल्पना लोकप्रिय करणारे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनीच डोपामिन कमी करणं हा हेतू नसल्याचं सांगितलं होतं. त्यांचा रोख ठरावीक सवयींवर होता, आणि त्यांनी आधार घेतला होता तो वर्तनोपचारातल्या जुन्याच तंत्राचा: सवय चाळवणारी खूण समोरून हलवायची. पण नाव चुकल्याची किंमत पडतेच. डोपामिनच शत्रू ठरलं की मित्राशी गप्पा, संगीत, पोटभर जेवण आणि जुगाराचं अॅप हे सगळे सारखेच गुन्हेगार ठरतात, आणि ज्या एका खुणेने घात केला ती नजरेतून सुटते. शिवाय उपासानंतर ओढ परत आली की माणूस स्वतःला कमकुवत समजतो. वास्तविक ती परत येणं हा शिकलेल्या गोष्टीचा स्वभावच आहे. पाव्हलॉव्हने घंटेसारखी खूण वारंवार दिली आणि अन्न दिलंच नाही, तेव्हा कुत्र्याची लाळ आटली. थोड्या विश्रांतीनंतर तीच खूण दिली, तर लाळ पुन्हा सुटली. जुनं शिक्षण पुसलं गेलं नव्हतं, त्याच्यावर फक्त नवं चढलं होतं. म्हणून झोपण्याच्या खोलीत चार्जर न ठेवण्यासारखा नीरस बदल, जो रोज लागू राहतो, तो महिन्यातून एकदा केलेल्या कडकडीत उपासापेक्षा या यंत्रणेशी जास्त जुळतो.