नवस, उसनवारी आणि कोल निद्रे

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, ऐन दसऱ्याला आला. तिश्री महिन्याचा दहावा दिवस आणि आश्विन शुद्ध दशमी, दोन्ही चंद्रावरूनच मोजतात. अधिक महिना आडवा आला की त्यांच्यात महिन्याचं अंतर पडतं, तसं ते २०२३ मध्ये पडलं होतं. जुळून आलेल्या त्या दोन वर्षी इकडे अमरावतीत अंबादेवीचं नवरात्र सरत होतं, आणि दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मुंबईच्या सिनेगॉगमध्ये बोललेल्या शब्दांतून मोकळं होण्याची प्रार्थना चालू होती. नवस बोलणं आणि फेडणं ज्यांच्या घरात मुरलेलं आहे, त्या आपल्या वऱ्हाडी माणसांना ही प्रार्थना, कोल निद्रे, समजायला अवघड जाऊ नये.

कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. हिब्रू विसरली, ‘शमा’ हे श्रद्धावचन तेवढं तोंडी राहिलं, तरी योम किप्पूरचा उपास त्यांनी सोडला नाही. पांढरे कपडे घालायचे, दारं लावून घरात बसायचं, बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही. म्हणून त्याचं नाव दारफाळणीचा सण. कोल निद्रेचे शब्द त्यांच्याकडे पुढे आले, कोचीनच्या ज्यूंचा सहवास वाढला आणि १७९६ मध्ये मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी त्यांचं पहिलं सिनेगॉग उभारलं, त्या काळाच्या आसपास. शब्दांविना पाळलेल्या प्रायश्चित्ताला शब्द मिळाले. मला ही घटना फार मोलाची वाटते.

ही प्रार्थना सूर्य मावळण्याआधी सुरू होते, कारण सणाच्या दिवशी शपथा सोडवण्याचं न्यायाचं काम चालत नाही. एरवी दिवसा पांघरायचं तल्लीत हे वस्त्र या संध्याकाळी अंगावर असतं. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या घेऊन दोघे म्हणणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. तिघांचं न्यायासन झालं. पापी माणसांनाही सोबत घेऊन प्रार्थना करायची मुभा आधी जाहीर होते, मग अरामी भाषेतला तो मजकूर तीनदा म्हणतात. त्यात देवाचं गुणगान नाही. नवस, बंधनं, शपथा यांची यादी आहे आणि त्या रद्द झाल्याचं सांगणं आहे. भाषा थेट करारनाम्याची.

जुना मजकूर सरलेल्या वर्षाबद्दल होता. बाराव्या शतकात फ्रान्सचे धर्मपंडित रब्बेनू ताम यांनी त्याला हरकत घेतली. झालेला नवस सोडवायचा तर तो नेमका सांगावा लागतो, पश्चात्ताप दाखवावा लागतो, आणि तिघांनी ऐकून मोकळं करावं लागतं. सर्वांनी मिळून मोघम म्हटल्यानं ते होत नाही. म्हणून मजकूर येत्या वर्षाकडे वळवला गेला. पुढे अनवधानाने, आवेशात काही बोलून बसलो तर ते लागू धरू नये. पण ही अट आठवत असताना मुद्दाम नवस केला, तर तो बांधतोच.

एक उदाहरण घेऊ. मुलगा बरा झाला तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या खडकापाशी, मलिदा करीन असं एका आईने जाणूनबुजून कबूल केलं. मुलगा बरा झाला. पोहे, खोबरं, फळं घेऊन तिला जावंच लागेल. कोल निद्रे तिला सोडवत नाही. तिच्या नवऱ्याने रागाच्या भरात शपथ घेतली की भावाच्या घरचं पाणी पिणार नाही. या प्रार्थनेचा आधार अशा बोलण्याला आहे. त्याच नवऱ्याने शेजाऱ्याकडून उसने घेतलेले पाच हजार मात्र इथे येतच नाहीत. माणसाने माणसाशी केलेलं पाप, त्या माणसाला राजी केल्याशिवाय हा दिवसही धुऊन काढत नाही, असं मिश्ना या धर्मसंहितेचं स्पष्ट म्हणणं आहे.

एवढी नेमकी मर्यादा असूनही ज्यूंच्या शपथेवर विश्वास ठेवू नये, हा आरोप याच प्रार्थनेच्या आधारे झाला. १२४० मध्ये पॅरिसच्या वादसभेत निकोलस डोनिनने तो मांडला. युरोपात ज्यूंना न्यायालयात अपमानकारक वेगळी शपथ घ्यायला लावत. त्या दडपणाखाली १८४४ मध्ये ब्राउन्श्वाइगला जमलेल्या सुधारक रब्बींनी प्रार्थना सोडून द्यावी असं ठरवलं. इथे चाल आडवी आली. जर्मनीतल्या काही मंडळ्यांनी शब्द बदलून दुसरं स्तोत्र घातलं, पण सूर तोच ठेवला. खाली उतरत जाणारी सुरुवात, पहिल्यांदा जवळजवळ पुटपुटत, दुसऱ्यांदा थोडं मोठ्याने, तिसऱ्यांदा भरल्या आवाजात. कोरड्या मजकुरात न मावणारी भीती आणि आर्जव या चालीने सांभाळलं आहे, असं मला वाटतं. प्रोटेस्टंट संगीतकार माक्स ब्रूख यालाही ती इतकी भिडली की त्याने १८८० च्या सुमारास तिच्यावरून चेलो आणि वाद्यवृंदासाठी रचना केली.

ही चाल मात्र मध्य आणि पूर्व युरोपच्या अश्केनाझी ज्यूंची. बेने इस्राएलांनी सेफार्दी पद्धत स्वीकारली, तिच्यात सूर वेगळे. ब्रूख ऐकून मुंबईच्या सिनेगॉगमध्ये गेलेला श्रोता त्या सुरांची वाट पाहत बसेल आणि ते येणार नाहीत. येतील ते कोल निद्रेचे शब्द, तीनदा, आणि त्यानंतर सुरू होणारा दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंतचा निर्जळी उपास.