भाड्याचा आकडा आणि बदल्यांचा मोसम

शहाद्याहून तोरणमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या म्हसावदमध्ये एखाद्याने वरचा मजला भाड्याने द्यायला काढला, की पहिला प्रश्न असतो आकड्याचा. मालकाच्या डोक्यात तो आकडा बहुधा तयारच असतो आणि तो कर्जाच्या हप्त्यातून आलेला असतो. पण बांधकामाला किती खर्च आला याच्याशी भाडेकरूला काही देणंघेणं नाही. तो दोनच गोष्टी पाहतो : पगारातून घरभाड्यापोटी काय मिळतं, आणि शहाद्याला राहून रोज ये-जा केली तर काय पडतं.

पहिली गोष्ट उघड मोजता येते. पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, शाळा, बँक यांतली माणसं हा इथल्या भाडेकरूंचा कणा. सातव्या वेतन आयोगानंतर राज्य कर्मचाऱ्यांना अशा गावी मूळ वेतनाच्या आठ टक्के घरभाडे भत्ता ठरला आणि महागाई भत्ता वाढत जाईल तसा तो दहा टक्क्यांपर्यंत नेण्याची तरतूद झाली. मूळ वेतन ३५,४०० असेल, तर दहा टक्क्यांनी ३,५४० रुपये होतात. भाडं याच्या जितकं वर, तितके पैसे खिशातून. आणि खिशातूनच घालायचे असतील तर शहाद्याचं घर, तिथली शाळा, तिथला बाजार जास्त खुणावतो. म्हणजे म्हसावदच्या मजल्याची खरी स्पर्धा शेजारच्या मजल्याशी कमी आणि शहाद्याच्या भाड्यात पेट्रोल मिळवून होणाऱ्या बेरजेशी जास्त.

समजा, गावात तशा दोन खोल्या-स्वयंपाकघराला ४,५०० सहज मिळतात आणि मालकाला ५,००० हवे आहेत. जागा महिनाभर रिकामी राहिली तर वर्षाच्या भाड्यातला बारावा हिस्सा गेला. पाचशे रुपये वाढवून मिळणारा वर्षाचा फायदा सहा हजारांचा, म्हणजे ५,००० च्या हिशेबाने सव्वा महिन्याच्या भाड्याहून थोडा कमी. भाडेकरू एकच वर्ष राहणार असेल, तर पाच-सहा आठवडे वाट पाहण्यातच तो फायदा संपतो. पण तो तीन वर्षं राहणार असेल तर गणित मालकाच्या बाजूने फिरतं. ४,५०० ने छत्तीस महिन्यांचे १,६२,००० होतात. ५,००० ने तेवढेच पैसे बत्तीस महिने आणि काही दिवसांत येतात. साडेतीन महिने घर रिकामं ठेवूनही मालक तोट्यात नाही! हट्टी घरमालकाला आपण हसतो, पण कागदावर त्याचा हट्ट इतका वेडगळ नसतो.

तीन वर्षं हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा कायदा आहे. एका जागी साधारण तीन वर्षांची मुदत त्यातच आहे, आणि बदल्या सामान्यतः वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात हेही त्यातच आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचे नियम वेगळे असले तरी मोसम तोच, कारण शाळा जूनच्या मध्याला उघडते. पुण्यातल्या मालकाला माहीत नसलेली अडचण इथून सुरू होते. साडेतीन महिने थांबणं परवडेल हे खरं, पण साडेतीन महिन्यांनी, ऐन सप्टेंबरात, म्हसावदला घर शोधत येणार कोण? ज्यांना यायचं होतं ते जूनमध्ये सामान उतरवून बसलेले असतात.

म्हणून इथे सरासरीने मोजण्यात अर्थ नाही, पैज म्हणून मोजावं लागतं. ५,००० मागितले आणि मोसमात कुणी घेतलं, तर तीन वर्षांत १८,००० जास्त मिळतात. मोसम हुकला, घर पुढच्या जूनपर्यंत तसंच राहिलं आणि तेव्हा निमूटपणे ४,५०० ला दिलं, तर बारा महिन्यांचे ५४,००० गेले. कमाई अठरा, जोखीम चौपन्न. चारपैकी तीन वेळा ५,००० मिळतीलच अशी खात्री असेल तरच ही मागणी शहाणपणाची. शहरात माणसं बाराही महिने येतात. तिथे दोन महिने थांबून माघार घेतली तर जातात ९,०००, आणि तीनपैकी एकदा जरी वरचा आकडा मिळाला तरी फिटंफाट होते. शहरातला मालक जास्त मागतो तो फुकट मागून पाहिल्यासारखाच. त्याचं पाहून गावातल्या मालकाने तसंच करणं महागात पडतं.

अर्थात मधल्या काळात अगदीच कुणी येत नाही असं नाही. बँकेचा माणूस ऑक्टोबरात बदलून येतो, रस्त्याच्या कामावरचा ठेकेदार दिवाळीनंतर जागा शोधतो. सहा महिन्यांनी कुणी मिळेल असं धरलं तर जोखीम २७,००० वर येते आणि पाचात तीन वेळांची खात्री पुरते. तरीही ती शहरापेक्षा बरीच जास्तच.

मग जास्त मागूच नये का? मागावं, पण एप्रिलमध्ये. आधीच्या भाडेकरूच्या बदलीची कुणकुण लागली की त्यालाच सांगून ठेवावं. त्याच्या खुर्चीवर येणारा नवा माणूस घराबद्दल पहिली विचारणा बहुतेक वेळा त्याच्याकडेच करतो. तेव्हा पुढे पूर्ण मोसम असतो आणि ५,००० म्हणून पाहण्यात काही जात नाही. त्या आठवड्यांत काय घडतं ते मात्र नीट वाचावं. कुणी पाहायलाच आलं नाही, तर भाडं उतरवून उपयोग नाही. बातमी पोचलेली नाही. तीन-चार कुटुंबं आली, घर फिरून पाहिलं, नळ सोडून पाहिला, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाली आणि परतली नाहीत, तर आकडा जड आहे किंवा पाण्याची टाकी लहान आहे. आणि पहिल्याच माणसाने घासाघीस न करता आगाऊ रक्कम हातावर ठेवली, तर आपण कमी मागितलं असं समजावं. माघारीची तारीख मात्र आधीच ठरलेली हवी. जूनची दहा तारीख उजाडल्यावर विचार करू म्हणणारा पंधराला शाळा उघडेपर्यंत विचारच करत राहतो.

या सल्ल्याला गावातला मालक जो आक्षेप घेतो, तो मला खोटा वाटत नाही. वरच्याला पाचशे कमी केले की खालचा भाडेकरू दुसऱ्या दिवशी दारात उभा. भाव एकदा पडला की पडला, म्हणून घर रिकामं ठेवलेलं बरं, असं तो मानतो. पण भाव न पाडताही सवलत देता येते. जूनचं भाडं अर्धंच घ्यावं, खिडक्यांना मच्छरजाळी लावून द्यावी, पाचशे लिटरच्या जागी हजार लिटरची टाकी बसवावी. अडीच हजारांची एकदाची सूट छत्तीस महिन्यांत विभागली तर महिन्याला सत्तर रुपयेही पडत नाहीत, आणि ५,००० हा आकडा कागदावर शाबूत राहतो. भाडं कमी करणं मात्र दर महिन्याला पाचशेंचं, आणि पुढच्या भाडेकरूपर्यंत पोचणारं.

यात एक बारीक फट राहते ती करारात. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करायची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की तो कधी संपतो हे कुणी पाहत नाही. जूनच्या पंधराला केलेला पहिला करार मेच्या मध्याला संपतो, ते ठीकच. पण तसाच अकरा-अकरा महिन्यांनी वाढवत नेला तर दुसरा एप्रिलमध्ये, तिसरा मार्चमध्ये, चौथा फेब्रुवारीत संपतो, आणि भाडेकरू त्याच वेळी उठला तर घर तीन-चार महिने मोसमाची वाट पाहत बसतं. करारात महिने मोजण्याऐवजी शेवटची तारीख ३१ मे घालावी. जून ते मे हा काळ वर्षाच्या आतच राहतो, आणि भाडेकरू गेला तरी खोल्या रंगवायला आणि नवा माणूस शोधायला नेमके हवे तेवढे दिवस हाताशी राहतात.