सहा सेकंदांचं वाक्य

डोळ्यांपुढे एक छोटा व्हिडिओ आणा, सहा सेकंदांचा. साध्या भिंतीपुढे एक बाई उभी आहे, कमरेपासून वर दिसते आहे आणि भारतीय सांकेतिक भाषेत एकच वाक्य बोलते आहे. आवाज नाही, तळाशी ओळ नाही. घाई करू नका. हे वाक्य आपण चारदा पाहणार आहोत आणि दर वेळी नजर एकाच गोष्टीवर ठेवणार आहोत.

पहिल्या खेपेला फक्त हात पाहा. ती 'भाऊ' ही खूण करते आणि आपल्या उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवते. मग 'बहीण', आणि बोट डावीकडे. मग 'पुस्तक'. मग हात उजव्या जागेतून निघतो आणि डाव्या जागेपाशी पोचतो. ही 'देणे'ची खूण. शेवटी काम पुरं झाल्याची खूण. भारत-पाकिस्तानातल्या शहरी सांकेतिक भाषेचं व्याकरण मांडणाऱ्या उलरिके झेशान यांनी या शेवटच्या खुणेला 'हो गया' असंच नाव दिलं आहे.

आता पाहिलेलं कागदावर उतरवा: भाऊ, तिथे, बहीण, तिथे, पुस्तक, देणे, झालं. अभ्यासक अशा नोंदीला ग्लॉस म्हणतात. प्रत्येक खुणेला बोलभाषेतला एक शब्द द्यायचा आणि ते शब्द ओळीने मांडायचे. नोंद सोयीची आहे, शोधता येते, मोजता येते. तिच्यावर थोडा वेळ नजर ठेवा आणि स्वतःला विचारा: पुस्तक कुणी कुणाला दिलं?

कागद याचं उत्तर देत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला हात सोडा आणि हातांमधली जागा पाहा. त्या बाईने हवेत दोन ठिकाणं नेमली आहेत. उजवीकडे भाऊ आहे, डावीकडे बहीण. 'देणे'चा हात उजवीकडून डावीकडे गेला, म्हणजे देणारा भाऊ. तोच हात डावीकडून उजवीकडे आला असता तर देणारी बहीण झाली असती, आणि आपली सात शब्दांची यादी जशीच्या तशी राहिली असती. मराठीत 'भावाने' आणि 'बहिणीला' यांतले प्रत्यय जे काम करतात, ते इथे हाताच्या वाटेने केलं आहे.

काळजीपूर्वक नोंद करणारे 'उजवीकडून-देणे-डावीकडे' असं लिहितात, आणि एवढी अडचण सुटते. पण नेमलेली जागा वाक्य संपलं तरी संपत नाही. समजा, पुढे दोन मिनिटांनी ती बाई डावीकडे नुसती नजर टाकते आणि 'आजारी' अशी खूण करते. समोरच्याला कळतं की बहीण आजारी आहे. व्हिडिओचा तेवढाच तुकडा कापून कुणाला दिला तर त्याच्या हाती एकटा 'आजारी' उरतो. मागचं सगळं पाहिलेल्यालाच ती डावी बाजू रिकामी दिसत नाही.

तिसऱ्या खेपेला पडद्याचा खालचा भाग तळहाताने झाका. हात दिसू देऊ नका, फक्त चेहरा पाहा. भुवया वर गेल्या आहेत, डोळे मोठे झाले आहेत, डोकं किंचित पुढे आलं आहे. शेवटच्या खुणेपर्यंत चेहरा तसाच राहतो आणि मग सैल होतो. म्हणजे हा प्रश्न आहे: 'भावाने बहिणीला पुस्तक दिलं का?' या 'का'साठी हाताची वेगळी खूण झालेली नाही. हेच हात, हाच क्रम, पण भुवया जागेवर असत्या, तर ते सरळ विधान झालं असतं.

कोण, कुठे, कधी विचारायचं असेल तेव्हा मात्र हाताची खूण येते, आणि ती सहसा वाक्याच्या शेवटी येते. झेशान यांच्या मांडणीनुसार या भाषेत एकच सर्वसाधारण प्रश्नखूण आहे. तिच्याआधी 'चेहरा' आला की 'कोण', 'जागा' आली की 'कुठे', 'वेळ' आली की 'कधी'. नोंद करणाऱ्याने दोन खुणांना दोन शब्द दिले, तर कागदावर 'चेहरा काय' असं काहीतरी उतरतं. वाचणारा म्हणतो, ही भाषा मोडकी दिसते. मोडकी ती नोंद असते.

चौथ्या खेपेला काही निवडू नका, सगळं एकदम पाहा. उजवा हात 'पुस्तक' करत असताना डावा हात बहिणीच्या जागेवर बोट रोखून थांबला असेल. त्याच क्षणी नजर समोरच्या माणसावर असेल आणि भुवया प्रश्नाच्या असतील. चार गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत. आपल्या लिपीत एका वेळी एकच अक्षर ठेवता येतं. त्यामुळे अभ्यासक ईलान नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात व्हिडिओखाली काळाची पट्टी असते आणि तिच्याखाली उजवा हात, डावा हात, भुवया, नजर, ओठ यांच्या वेगवेगळ्या ओळी. भुवया कुठल्या क्षणी वर गेल्या आणि कुठल्या क्षणी उतरल्या हे तिथे नोंदवता येतं. या कामात एका मिनिटाच्या व्हिडिओला काही तास सहज जातात. म्हणूनच बहुतेक व्हिडिओंना अशी नोंद मिळत नाही. त्यांना मिळते एक मराठी, हिंदी किंवा इंग्रजी ओळ.

त्या मराठी ओळीपाशीही जरा थांबा, कारण तिथे काही गळतं तसं काही वाढतंही. समजा, त्या बाईने 'डॉक्टर' अशी खूण केली, समोर बोट दाखवलं आणि 'येणे, झालं' असं म्हटलं. बोट दाखवण्यातून पुरुष की स्त्री हे सांगितलं जात नाही. पण मराठीत लिहायचं तर आला, आली, आले, आल्या यांतलं एक उचलावंच लागतं. लिंगही ठरवावं लागतं आणि मानही. लिहिणारा बहुधा 'डॉक्टर आले' असं लिहून मोकळा होतो. त्यातला पुरुष आणि त्यातला आदर, दोन्ही लिहिणाऱ्याने घातलेले आहेत. वाचणाऱ्याला ते बाईंचेच शब्द वाटतात.

आता यंत्राकडे वळू. यंत्राला बाई दिसत नाही, चौकटी दिसतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर आपलं सहा सेकंदांचं वाक्य म्हणजे १५० चित्रं. मीडियापाइपसारखी प्रणाली प्रत्येक चित्रात एका हातावर २१ बिंदू शोधते: मनगट, बोटांचे सांधे, टोकं. या बिंदूंच्या हालचालीवरून खूण ओळखायची. एक हात दुसऱ्याआड गेला, किंवा चेहऱ्यासमोर आला, की काही बिंदू दिसत नाहीत आणि प्रणाली त्यांची जागा अंदाजाने भरते. बोटं वेगाने हलली की चित्र फरफटतं. एकाच कॅमेऱ्यातून हात छातीपासून किती पुढे आहे हेही अंदाजानेच ठरतं. इंग्रजी अक्षरं बोटांनी मांडण्याची आपली पद्धत दोन्ही हातांची आहे. तिथे हात हातावर येतो, त्यामुळे ही अडचण वारंवार येते.

सुट्या खुणांवर यंत्र बरं काम करतं. आयआयटी मद्रासच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये 'इन्क्लूड' हा भारतीय सांकेतिक भाषेचा संच मांडला: २६३ खुणा, ४,२८७ व्हिडिओ. त्यांच्या प्रणालीने सुमारे ८५ टक्के खुणा बरोबर ओळखल्या. हा आकडा ऐकून सुखावण्याआधी प्रश्न काय होता ते पाहा. प्रत्येक व्हिडिओत एकच खूण होती, आणि उत्तर ठरलेल्या २६३ पैकीच एक होतं. आपल्या वाक्यात एक खूण संपण्याआधी हात पुढच्या खुणेच्या वाटेला लागलेला असतो, आणि खुणांच्या मध्ये रेघ आखलेली नसते. शिवाय 'देणे' ओळखता येणं आणि कुणी दिलं ते कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सलग वाक्यांसाठी सर्वाधिक वापरलेला संच जर्मनीतला आहे. 'फिनिक्स' वाहिनीवरच्या हवामानाच्या बातम्या दुभाषी जर्मन सांकेतिक भाषेत सांगतात, त्यांची ही चित्रणं. खुणा करणारी माणसं नऊ, विषय एक. २०१८ मध्ये जामगोझ आणि सहकाऱ्यांनी त्यावर व्हिडिओतून थेट जर्मन वाक्य काढून दाखवलं. तिथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तपासणीचं 'बरोबर उत्तर' म्हणून ठेवलेलं जर्मन वाक्य मुळात निवेदकाचं आहे, दुभाष्याने ते ऐकून खुणा केल्या. दुभाष्याने घाईत काही गाळलं असेल तरी उत्तरात ते आहे, आणि त्याने हाताने जे जास्त स्पष्ट दाखवलं ते उत्तरात नाही.

हवामानाची वाक्यं एकमेकांसारखी असतात. त्यामुळे चार खुणा नीट न दिसताही यंत्र 'उद्या उत्तरेकडे पाऊस' अशा थाटाचं गुळगुळीत वाक्य लिहू शकतं. माणूस अडखळला की त्याला कळलं नाही हे दिसतं. यंत्राच्या वाक्यात अडखळणं उमटत नाही. तरीही ते ताडून पाहायचे सोपे मार्ग आहेत. व्हिडिओतला चेहरा धूसर करून तोच व्हिडिओ पुन्हा द्या. आपल्या वाक्याचं उत्तर आधी प्रश्न होतं आणि आताही प्रश्नच आलं, तर यंत्राने भुवया पाहिल्याच नव्हत्या. त्याच बाईला 'देणे'चा हात फक्त उलट दिशेने फिरवायला सांगा. वाक्य बदललं नाही, तर जागा पाहिली नव्हती. सरावासाठी व्हिडिओ आरशासारखे उलटवून दुप्पट करण्याची रीतही अशीच तपासावी लागते. डावखुऱ्यांसाठी ती उपयोगी पडते, पण हवामानाच्या वाक्यात पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल करते.

म्हणून यंत्राला किती कळलं हे मोजण्याआधी, त्याचं उत्तर ज्या ओळीशी ताडलं ती ओळ किती पुरी होती हे पाहावं. सात शब्दांच्या यादीशी उत्तर तंतोतंत जुळलं, तरी पुस्तक कुणी दिलं ते यंत्राला माहीत नसेल, कारण यादीलाही ते माहीत नव्हतं.

शब्दकोशात खूण शोधायला, व्हिडिओंच्या ढिगातून हवा तो तुकडा काढायला अशी ओळख जरूर वापरावी. जबाब, वैद्यकीय संमती, करारनामा यांसाठी मात्र सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषीच हवा, आणि लिहिलेली ओळ हाती आली तरी मूळ व्हिडिओ जपून ठेवायला हवा. साक्षीच्या बाबतीत कायद्याने ही सोय आधीच केली आहे. बोलू न शकणारा साक्षीदार खुणांनी साक्ष देत असेल तर न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी आणि त्या जबाबाचं व्हिडिओ चित्रण करावं, ही तरतूद साक्ष कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने आली आणि आता ती भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ मध्ये आहे.