बेरजेतली सहा माणसं

एका निवृत्त गुरुजींची ही गोष्ट. गोष्ट कल्पित आहे, पण तिच्यातला पेच कागदपत्रं हाताळणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

गावाचा इतिहास छापायचा म्हणून ग्रामपंचायतीने गुरुजींवर एक काम सोपवलं होतं. शाळेच्या कपाटात १९५१ च्या जनगणनेच्या वेळची गावाची जुनी यादी होती, ती टाइप करून द्यायची. त्या जनगणनेत माणशी एक चिठ्ठी भरली जाई आणि त्या चिठ्ठ्यांवरून गावोगावची यादी घर क्रमांकानुसार उतरवून घेतली जाई. घर, कर्ता, त्याच्याशी नातं, वय, धंदा असे रकाने होते. शाई विटली होती, पण मोडी वळणाचं अक्षर गुरुजींच्या डोळ्यांच्या सवयीचं होतं.

टाइप करून झाल्यावर संगणकाने बेरीज दाखवली, ४०६. मूळ यादीच्या शेवटी मात्र लिहिलं होतं, एकूण ४१२.

“त्या काळी हातानंच बेरीज करायचे, चुकली असेल,” नात म्हणाली. “आजोबा, ४०६ टाका ना. कोण बघतंय?”

पोरं पुस्तकामागचं उत्तर बघून गणित कसं जुळवून आणतात, हे गुरुजींनी आयुष्यभर पाहिलं होतं. ते पानापानाची बेरीज ताडून पाहू लागले. हाताने केलेल्या बेरजेत हातचा विसरला, तर फरक बहुधा दहाचा पडतो. इथे फरक सहाचा होता. पुरुषांत तीन कमी, बायकांत तीन कमी. आधीची सगळी पानं जुळत होती आणि शेवटच्या पानावर तळाशी २३ असताना ओळी सतराच होत्या. म्हणजे चूक बेरजेत नव्हती, सहा माणसं मोजली गेली होती आणि यादीत उतरली नव्हती.

ती कोण, याचा अंदाज गुरुजींना आला, कारण जनगणनेचं काम त्यांनी स्वतः केलं होतं. ज्यांना घर नाही त्यांची गणती शेवटच्या रात्री करण्याची रीत आहे. २०११ मध्येही ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. उड्डाणपुलाखाली, फलाटावर, माळावरच्या पालात जो सापडेल त्याची नोंद व्हायची. अशा माणसांच्या चिठ्ठ्या एकूण आकड्यात आल्या असणार. पण यादी घर क्रमांकाने लावायची होती आणि यांच्याकडे क्रमांकच नव्हता. उतरवून घेणाऱ्याने त्या सहा चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या असाव्यात आणि त्या बाजूलाच राहिल्या.

मूळ चिठ्ठ्या शोधण्यात अर्थ नव्हता. १९४८ च्या कायद्याने जनगणनेच्या व्यक्तिगत नोंदी लोकांना पाहायला खुल्या नाहीत. मग गुरुजींनी शाळेचं जनरल रजिस्टर काढलं. जून १९५० मध्ये दाखल झालेला एक मुलगा सापडला. पत्ता: ‘माळावर पाल’. वडिलांचा धंदा: दगडफोड. मार्च १९५१ मध्ये नाव कमी, कारण: ‘गाव सोडले’.

नात हरखली. “मिळालं की! घाला नाव.”

गुरुजींनी नाव घातलं नाही. गणती झाली त्या फेब्रुवारीत माळावर आणखी पालं असतील. मुलाचं कुटुंब सहाच जणांचं होतं, असं रजिस्टर कुठेही म्हणत नव्हतं. त्यांनी टाइप केलेल्या प्रतीत शेवटच्या घराखाली एक ओळ जोडली: ‘घर क्रमांक नाही. पुरुष ३, स्त्रिया ३. नावे यादीत नाहीत.’ एकूण ४१२ तसंच ठेवलं. मुलाची नोंद वेगळ्या पानावर दिली आणि खाली लिहिलं, हे कुटुंब यांपैकीच होतं, असं सिद्ध होत नाही.

माझ्या मते गुरुजींनी इथे दोन मोह आवरले. पहिला मोह आकडा कमी करण्याचा. यादी नीटनेटकी दिसली असती, पण ती सहा माणसं गावात होती याचा उरलेला एकमेव पुरावा पुसला गेला असता. दुसरा मोह अधिक फसवा, कारण तो कळवळ्यातून येतो: मिळालेलं नाव रिकाम्या जागी भरून टाकायचं. पण त्यामुळे एका मुलाच्या नावावर दुसऱ्याचं आयुष्य चढू शकतं. आणि एकदा छापलं की पुढचा माणूस त्यालाच पुरावा मानतो. जुन्या नोंदींवर आज जातीचे दाखले आणि जमिनीचे दावे उभे राहतात, तेव्हा प्रत करणाऱ्याच्या हातून झालेली भर कुणाच्या तरी हक्कापर्यंत पोहोचते.

क्रमांकाने लावलेल्या प्रत्येक यादीतून ज्यांना क्रमांक नाही ते आधी गळतात. मतदारयादी असो, रेशनकार्ड असो, घरकुलाची यादी असो. म्हणून यादी करणाऱ्याने बेरीज जुळली का, एवढंच पाहून उठू नये. न जुळणारा आकडा तसाच ठेवावा, फरक कुठे पडला ते लिहावं आणि जिथे आपली माहिती संपते तिथे लेखणी थांबवावी.