मोठ्यांचा आदर आणि उत्तराचा अधिकार

लग्नाच्या किंवा वलीम्याच्या बैठकीत एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकाने नवराबायकोच्या रंगावर, वयातील अंतरावर किंवा मिळकतीवर बोट ठेवले, की आपल्या घरांत एकच शिकवण दिली जाते : मोठे आहेत, गप्प राहा. या शिकवणीचा आधार म्हणून सूरह बनी इस्राईलमधील ती आयत सांगितली जाते, जिच्यात आईवडिलांना ‘उफ’सुद्धा म्हणू नये अशी आज्ञा आहे. पण ती आयत तेथे संपत नाही. त्यांच्याशी सन्मानाने बोलावे, असे ती पुढे सांगते. म्हणजे आज्ञा मौनाची नाही, बोलण्याच्या रीतीची आहे.

ही रीत कशी असते, हे सूरह मरयममध्ये दिसते. हजरत इब्राहीम (अलै.) आपल्या वडिलांची मूर्तिपूजा चुकीची आहे, असे त्यांच्या तोंडावर सांगतात. सलग चार आयतींत चार वेळा ते बोलतात आणि प्रत्येक वेळी सुरुवात ‘अब्बाजान’ अशा मायेच्या हाकेने करतात. मुद्दा एकदाही सौम्य होत नाही आणि हाकही एकदा सुटत नाही. वडील दगडांनी मारण्याची धमकी देतात, तेव्हा ते सलाम करून बाजूला होतात. आदराने मर्यादा घातली ती शब्दांच्या रूपाला, सत्याला नव्हे.

आता आपल्याकडचा एक प्रसंग कल्पून पाहू. नवऱ्याचे मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, पत्नी शाळेत शिक्षिका आहे. वलीम्याच्या दस्तरखानावर मामू सर्वांना ऐकू जाईल असे म्हणतात, “आमच्या भाच्याचं बरं आहे, बायको कमावते, हा बसून खातो.” चार जण हसतात. पत्नी शेजारच्या बायकांत बसली आहे आणि तिनेही ऐकले आहे.

येथे उत्तर कोणी द्यावे, हा पहिला प्रश्न. माझ्या मते नवऱ्यानेच, कारण मामू त्याचे आहेत. सुनेने दिलेले उत्तर कितीही गोड असले तरी ते उद्धटपणाच्या खात्यात जाते. भाच्याचे तसे जात नाही. शिवाय तो गप्प राहिला तर त्याचे मौन पत्नीला संमतीसारखे वाटते. आपल्या भावाच्या अब्रूचे रक्षण करणाऱ्याला अल्लाह कयामतच्या दिवशी आगीपासून वाचवील, असे हदीसमध्ये आले आहे. मग पत्नीच्या अब्रूचे काय?

काय बोलावे? मामूंच्या मुलाचे कर्ज, त्यांची स्वतःची जुनी उधारी, हे सारे अशा वेळी जिभेच्या टोकावर येते. पण हजरत सफिया (रजि.) यांना त्यांच्या यहुदी कुळावरून हिणवले गेले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना जे उत्तर सुचवले, त्यात हिणवणारीच्या उणिवेचा उल्लेख नव्हता. हजरत हारून आणि हजरत मूसा (अलै.) यांच्याशी असलेले स्वतःचे नाते तेवढे सांगायचे होते. त्याच धर्तीवर भाचा म्हणू शकतो, “मामू, दुकान सध्या कमी चालतं हे खरं आहे. घरखर्चाला हिचा हातभार आहे आणि मी हिचा उपकार मानतो. तुमच्या ताटात बिर्याणी वाढू का?” खरे ते मान्य झाले, पत्नीचा मान सर्वांसमोर राखला गेला आणि मामूंना परतायला वाट मिळाली. शेवटचे वाक्य मात्र मनापासून हवे. ते उपरोधाने म्हटले तर सगळे उत्तर टोमणा होते, आणि ऐकणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो.

मामूंच्या बोलण्यात एक तथ्य आहे, तेही नाकारू नये. शरीयतने पत्नीचा नफका पतीवर टाकला आहे आणि तिची कमाई सर्वस्वी तिची आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी हजरत जैनब (रजि.) यांनी पतीवर आणि आपल्याकडील अनाथांवर केलेला खर्च पुण्यात धरला जाईल का, असे विचारले होते. नात्याचे आणि दानाचे असे दुहेरी पुण्य मिळेल, हे उत्तर त्यांना मिळाले. पण दान खुशीने दिले तरच ते दान असते. पत्नीकडून पगार दडपणाने घेतला जात असेल, तर वरचे शांत उत्तर केवळ पांघरूण ठरेल आणि मामू कठोर असूनही बरोबर ठरतील.

रंग आणि वय यांबाबत तर उत्तर याहून लहान असावे. मिळकतीचा निदान खुलासा होऊ शकतो. चेहऱ्याचा खुलासा कोणी देऊ नये. “मामू, मला ही पसंत आहे,” एवढे पुरे.

मामू तरीही थांबले नाहीत, तर सलाम करून उठावे. नंतर हा किस्सा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रंगवून सांगणे ही गीबत होय. मात्र जी व्यक्ती मामूंना थांबवू शकते, म्हणजे बहुधा त्यांची बहीण, भाच्याची आईच, तिला सांगण्यास हरकत नाही, वाईट रोखण्यासाठी मदत मागणे इमाम नववी (रह.) यांनी गीबतीच्या अपवादांत मोजले आहे. अम्मीला हे सांगताना जेवढे घडले तेवढेच सांगावे, आणि मामूंच्या घरी ईदला जाणे सोडू नये.