शूर म्हणावं की धीट?

‘आज काय पराक्रम केलास?’ असं आईनं विचारलं की नांदेडचं काय नि लातूरचं काय, कुठलंही पोर ओळखतं, काहीतरी फोडल्याचं घरात कळलंय. घरातल्या बोलण्यात पराक्रम हा शब्द बहुधा उपरोधासाठीच राखलेला असतो. बालकथेत मात्र तो गंभीर चेहऱ्यानं येतो आणि आठ वर्षांच्या मुलीच्या गळ्यात पडतो. ऐकणाऱ्या मुलांना हसू आलं तर दोष त्यांचा नाही.

शूर, धाडसी, निडर, धीट हे शब्द लेखक एकमेकांच्या जागी खुशाल वापरतात. पण शूर म्हटलं की समोर शत्रू लागतो, निदान झुंज तरी लागते. मुक्तसरच्या लढाईत उतरलेल्या आणि पुढे गुरु गोविंदसिंगांबरोबर नांदेडला आलेल्या माई भागो यांना तो शब्द शोभतो. हजूर साहिबच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. विहिरीकाठच्या मुलीची गोष्ट वेगळी असते.

समजा, कंधारकडच्या एखाद्या शेतातली गोष्ट आहे. भर उन्हाळा, खोल विहीर, पाच वर्षांचा भाऊ पाय घसरून आत पडतो. बहीण आठ वर्षांची. लेखकानं पहिल्याच वाक्यात तिला ‘निडर’ म्हटलं तर पुढे सांगण्यासारखं काही उरतच नाही. जिला डरच नाही, तिनं विहिरीत डोकावलं काय आणि हौदात डोकावलं काय, सारखंच. ‘धाडसी’ म्हटलं तर तिला उडी मारायला लावावी लागते आणि इथेच गोष्ट धोक्याची होते. बुडणारं माणूस वाचवायला आलेल्यालाच मिठी मारतं. नीट पोहता न येणारं मूल उडी मारतं तेव्हा एकाऐवजी दोघांचा जीव जातो. धाडसाला आपण साहसही म्हणतो, पण जुन्या धर्मशास्त्रात ‘साहस’ म्हणजे बळजबरीचा, हिंसेचा गुन्हा होता. आजच्या कौतुकाच्या अर्थामागे ही छटाही आहे, हे लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

आता समजा, तीच मुलगी उडी न मारता आधी किंचाळते. शेजारच्या शेतातल्या माणसांना हाक मारते. बैलाचा कासरा काढून त्याला झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा बांधते, दुसरं टोक कडुलिंबाच्या बुंध्याला अडकवते, काठापासून मागे सरकून पालथी पडते आणि डबा भावाच्या पुढ्यात टाकते. डबा तरंगतो, भाऊ त्याला बिलगतो, तोवर माणसं येतात. तिचे हात थरथरताहेत, ती रडतेही आहे. बातमीदार याला ‘प्रसंगावधान’ म्हणतील. शब्द अचूक आहे, पण गोष्टीत तो सरकारी वाटतो. ‘धीराची पोर’ असं आजी म्हणाली तर चालेल, कारण धीर भीती नाकारत नाही. भीती असतानाच तो धरावा लागतो. तेही गोष्ट संपताना आणि आजीच्याच तोंडी यावं. लेखकानं आधीच बोलून टाकू नये.

धीर धरणंसुद्धा कुणाच्या माथी मारावं, हा प्रश्न आहेच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर जिल्ह्यातल्या मंगरूळमध्ये अठरा महिन्यांची एक मुलगी पाच दिवसांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. तिच्यावर बालकथा लिहावी असं कुणालाही वाटेल आणि ‘शूर बाळ’ हे शब्द आपसूक लेखणीवर येतील. पण त्या बाळानं शौर्य गाजवलं नव्हतं, ते जगलं होतं. ज्या घरांतली बाळं जगली नाहीत ती काय भित्री होती? शौर्य होतं ते डोक्यावर कधीही कोसळेल अशा ढिगाऱ्यात शिरणाऱ्या लष्करी जवानांचं. ही गोष्ट त्यांच्या बाजूनंच सांगावी.

‘धीट’चा न्याय आणखी वेगळा. पाहुण्यांपुढे कविता म्हणणारी मुलगी धीट ठरते आणि तिनं त्याच पाहुण्यांना उलट प्रश्न विचारला की ‘लई धीट झालीस गं’ असं ऐकावं लागतं. मुलाच्या बाबतीत ही सीमारेषा बरीच पुढे असते. गुण एकच, पण मोठ्यांची सोय संपली की कौतुकाची तंबी होते. बालकथाकारही पुष्कळदा मोठ्यांच्याच बाजूनं मोजतात. म्हणून त्यांच्या धीट मुली चोराला पकडून देतात, काकाला मात्र कधी अडवत नाहीत.

काकाला अडवणारीसाठी मराठीत ‘निर्भीड’ आहे. भीड ही भीतीपेक्षा निराळी चीज आहे. साप दिसला की भीती वाटते, भीड वाटते ती आपल्याच माणसांची. मराठवाड्यात आजही पोरींची लग्नं अठराच्या आत उरकली जातात. 2006 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे आणि 1098 या क्रमांकावर मुलांना मदत मागता येते. मोठ्या बहिणीचं असं लग्न ठरलेलं ऐकून शाळेतल्या बाईंना जाऊन सांगणारी चौथीतली मुलगी विहिरीत उडी मारणारीपेक्षा कमी जोखीम घेत नाही, कारण संध्याकाळी तिला त्याच घरी परतायचं असतं. निर्भीड हा शब्द आपण पत्रकारांना वाटून टाकला आहे. नांदेड-लातूरच्या बालकथाकारांनी तो आता या चौथीतल्या मुलीला द्यावा, आणि ती घरी परतल्यावर काय झालं तेही लिहावं.